रोजची प्रेप गोळी: काही महिन्यांच्या वापरानंतर

नवऱ्याला एचआयव्हीचं निदान झालं, माझी तपासणी निगेटिव्ह आली. त्याचे उपचार लगेच सुरू झाले, पण त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, उतरून खालीच टिकेपर्यंत मला संरक्षण हवं होतं. म्हणून डॉक्टरांनी प्रेप, म्हणजे एचआयव्हीची बाधा होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध, दिलं: टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ आणि एमट्रिसिटाबिन २०० मिग्रॅ, एकाच गोळीत, रोज एक. सुरुवातीला मळमळायचं. रात्री जेवण झाल्यावर घ्यायला लागले आणि ते थांबलं.

त्याच्या गोळीत तीन औषधं आणि माझ्या गोळीत दोनच, हे मला खटकत होतं. कारण समजलं तेव्हा धीर आला.

विषाणू पेशीत शिरतो तेव्हा त्याच्याजवळ आरएनए असतो. त्यापासून तो डीएनए तयार करतो आणि मग तो डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएत घुसवतो. एकदा घुसला की ती पेशी कायमची बाधित. माझ्या गोळीतली दोन्ही औषधं त्याच्या आधीच आड येतात. डीएनएची साखळी बनताना ती खऱ्या कडीच्या जागी जाऊन बसतात, पण त्यांना पुढची कडी जोडताच येत नाही. साखळी अर्धवट राहते. नवऱ्याच्या गोळीतलं डोल्युटेग्राव्हिर पुढची पायरी, म्हणजे डीएनए घुसवणंच, अडवतं. विषाणूचं प्रोटिएज नावाचं एंझाइम रोखणारी औषधं तर नवे विषाणू पक्व होताना काम करतात. तोवर पहिली पेशी हातची गेलेली असते, म्हणून प्रतिबंधाला ती उपयोगाची नाहीत.

माझ्या शरीरात पोचतील ते थोडेच विषाणू, त्यांना दोन औषधं पुरतात. पण संसर्ग होऊन बसला असेल तर विषाणूच्या असंख्य नकला निघतात, नकलांत चुका होतात, आणि एका चुकीनेही एमट्रिसिटाबिन निकामी होऊ शकतं. दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी करतात ती यासाठी. मधेच ताप, पुरळ, घसादुखी एकत्र आली तर ती नव्या संसर्गाची खूण असू शकते, म्हणून तारखेची वाट न पाहता दाखवायचं. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनही तपासतात.

बायकांनी एक गोष्ट नीट ऐकावी. योनीच्या पेशींत टेनोफोव्हिर कमी साठतं. पूर्ण संरक्षणाला सुमारे २१ दिवस रोज गोळी लागते, आणि संबंधाच्या वेळेपुरत्या गोळ्या घेण्याची पद्धत आपल्यासाठी नाही. केनिया आणि युगांडात आमच्यासारख्याच जोडप्यांवर मोठा अभ्यास झाला. त्यात या गोळीने संसर्ग ७५ टक्क्यांनी कमी झाला, आणि ज्यांच्या रक्तात औषध सापडलं त्यांच्यात सुमारे ९० टक्क्यांनी. म्हणून मी गोळी ब्रशशेजारी ठेवते. एखादी चुकली तरी औषध पेशींत काही दिवस टिकतं, पण त्या भरवशावर मी राहत नाही.

सिफिलिस, गनोरिया याने अडत नाहीत, त्यासाठी कंडोम. हिपॅटायटिस बी असेल तर गोळी परस्पर बंद करू नका, बंद केल्यावर यकृताचा आजार उसळतो. नवऱ्याचा व्हायरल लोड सहा महिने सलग दबलेला राहिला की माझी गोळी थांबवायचं डॉक्टर ठरवतील. तोवर चालू आहे.