‘पुन्हा टाकून पाहा नं भाऊ’ : नागपुरातल्या एका चेकची गोष्ट

माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे, नागपुरात सक्करदऱ्याकडे. गेल्या वर्षीच्या लग्नसराईत एका इव्हेंटवाल्याने माझ्याकडून काम करून घेतलं आणि 10 फेब्रुवारीचा 1,80,000 रुपयांचा चेक दिला. 14 तारखेला तो बँकेतून परत आला. सोबतच्या मेमोवर कारण होतं, ‘फंड्स इनसफिशियंट’.

फोन केला तर गडी एकदम गोड. “काहून टेन्शन घेता भाऊ, पेमेंट अटकलं होतं. होळी झाली की पुन्हा टाकून पाहा.” मार्च उजाडला तसे त्याने 40,000 रुपये यूपीआयने पाठवलेही. माणसाला वाटतं, देतोय तर कशाला भांडा? पण चेकच्या केसेस लढणारे आमच्या ओळखीचे एक वकील आहेत. त्यांना कागद दाखवले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “मेमो हातात कधी पडला?”

सगळी गोम त्या तारखेत होती. चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे, नाहीतर त्या मेमोवर चेक बाउन्सची, म्हणजे कलम 138 ची केस होत नाही. माझी मुदत 16 मार्चला संपत होती, आणि हा होळीनंतर टाका म्हणत होता. आता चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो आणि तेवढ्यात कितीही वेळा टाकता येतो, तेव्हा नव्या मेमोवर नवी मुदत मिळालीच असती की. पण ते 40,000 तिथेच आडवे येत होते. चेक 1,80,000 चा आणि येणं उरलं 1,40,000. देणं कमी झाल्यावर तोच चेक पूर्ण रकमेला टाकला, तर तेवढं देणंच नव्हतं म्हणून आरोपी सुटू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. मिळालेल्या पैशांची नोंद चेकवर करावी असं कायदा सांगतो, पण मशीनच्या क्लिअरिंगमध्ये चेकवरची लिखापढी अडकते. म्हणून थोडे पैसे आले की उरलेल्या रकमेचा नवा चेक मागावा. आमच्या या भाऊला नवा चेक मागितला, तर त्याचं चेकबुकच संपलेलं!

मग वकिलांनी जुना मेमोच धरला. तो आला तेव्हा पूर्ण रक्कम येणं होती, त्यामुळे तो पक्का. नोटिशीत चेक नंबर, मेमोची तारीख, मिळालेले 40,000 आणि उरलेले 1,40,000 असा सगळा हिशेब लिहून 12 मार्चला स्पीड पोस्टने पाठवली. त्याला 18 ला मिळाली. तिथून त्याला पैसे द्यायला 15 दिवस, म्हणजे 2 एप्रिलपर्यंत. त्याआधी केस टाकली तर ती चालत नाही, आणि 3 एप्रिलनंतर महिनाभरात टाकावी लागते. केस चालते ती आपलं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात, त्यामुळे समोरचा मुंबईचा असला तरी आपल्याला मुंबई गाठावी लागत नाही.

मेमोवरचं कारण नीट वाचा. अंक-अक्षरात फरक, तारीख जुनी, खाडाखोड, अशी कारणं असतील तर आधी नवा चेक मागा. ‘पेमेंट स्टॉप्ड’, ‘अकाउंट क्लोज्ड’, इतकंच काय ‘सही जुळत नाही’ असं असलं तरी देणं खरं असेल तर 138 लागू शकतं. स्टॉप पेमेंट दिलं म्हणजे सुटलो, हा भ्रम आहे.

आता चेक देणाऱ्यांसाठी. खरोखरच अडचणीत चेक परत गेला असेल तर नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत चेकची रक्कम बँकेतून पाठवा, रोख नको. पावती घ्या, मूळ चेक परत घ्या. केस तिथेच संपते. पाकीट न घेता पोस्टमनला परत पाठवणारे शहाणे पुष्कळ आहेत, पण पत्ता बरोबर असेल तर कोर्ट साधारणपणे नोटीस मिळाली असंच धरतं. आणि देणंच खोटं असेल, चेक नुसता सिक्युरिटी म्हणून दिला असेल, तर ते 15 दिवसांत लेखी उत्तरात सांगा. कारण चेक देण्यापोटीच दिला, असं कायदा आधी गृहीत धरतो. उलट सिद्ध करणं तुमच्याकडे.

माझी केस सध्या कोर्टात आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण तारखा पडत राहतात, म्हणून आरोपीने गुन्हा नाकबूल केल्यावर 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागता येते, ती द्यायची की नाही हे न्यायाधीश ठरवतात. आमचा अर्ज गेलाय. शिवाय वसुलीचा दिवाणी दावा वेगळा असतो, त्याला तीन वर्षांची मुदत असते. त्याचेही कागद वकिलांकडे तयार आहेत.