ईसॉप: व्हेस्ट झाल्या झाल्या शेअर घ्यावेत की विक्रीपर्यंत थांबावं?

ईसॉप म्हणजे कंपनीने कर्मचाऱ्याला ठरलेल्या भावाने आपले शेअर घेण्यासाठी दिलेले ऑप्शन. त्यांचं ग्रँट लेटर हातात पडलं की पहिला प्रश्न येतो, "यावर आता टॅक्स लागणार का?" लागत नाही. ऑप्शन मिळाले त्या दिवशी काही नाही, आणि किमान वर्षभराने ते व्हेस्ट झाले त्या दिवशीही काही नाही. व्हेस्टिंग म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क पक्का झाला, एवढंच. कर लागतो तो तुम्ही हक्क वापरून शेअर घेता तेव्हा, म्हणजे एक्सरसाइजला. पुढे शेअर विकले की दुसऱ्यांदा लागतो.

(ऑप्शनऐवजी थेट शेअरच मिळतात त्या आरएसयूचं गणित वेगळं आहे. तिथे व्हेस्ट झाल्याबरोबर शेअर खात्यात जमा होतात, त्यामुळे पहिला कर व्हेस्टिंगलाच लागतो आणि निवड तुमच्या हातात राहत नाही. पुढचं सगळं ऑप्शनबद्दल आहे.)

हे दोन कर एका जातीचे नाहीत. एक्सरसाइजच्या दिवशीचा बाजारभाव आणि तुम्ही भरलेली किंमत यांतला फरक पगार समजला जातो. त्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो आणि कंपनी तो टीडीएस म्हणून कापते. त्यानंतर भाव जेवढा वाढेल तो भांडवली नफा. अनलिस्टेड शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवला तर त्यावर १२.५ टक्के, लिस्टेड शेअर १२ महिन्यांहून जास्त ठेवला तरी तेवढाच, आणि लिस्टेडमध्ये वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा असा नफा करमुक्त. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे आहेत.

म्हणजे लवकर एक्सरसाइज केलं तर पगाराच्या खात्यात थोडी रक्कम पडते आणि पुढची वाढ कमी दरात बसते. उशिरा केलं तर सगळी वाढ पगारातच मोजली जाते. एवढंच ऐकून बरेच जण व्हेस्टिंगच्या आठवड्यातच फॉर्म भरतात. आधी हे आकडे मांडून बघा.

पुण्यातल्या एका अनलिस्टेड स्टार्टअपमधला इंजिनिअर धरू. २,००० ऑप्शन, एक्सरसाइज किंमत १० रुपये. मर्चंट बँकरने काढलेला आजचा भाव ३०० रुपये. पगार ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, सेस धरून ३१.२ टक्के. भांडवली नफ्यावरचे १२.५ टक्के सेस धरून १३.

आज घेतले तर शेअरचे २०,००० भरायचे. फरक २९० रुपयांचा, म्हणजे ५,८०,००० रुपये पगारात मिळवले जाणार आणि त्यावर १,८०,९६० रुपये कर. खिशातून एकूण २,००,९६० रुपये गेले आणि हातात असे शेअर आले, जे उद्या विकायला बाजार नाही. थांबला तर आज काहीच जात नाही. तीन वर्षांनी कंपनी दुसऱ्या कोणी विकत घेतली आणि इंजिनिअरने आपले शेअर त्यांना विकले असं धरलं, तर सगळे कर भरून आणि १० रुपयांची किंमत वजा करून हातात उरतं ते असं:

| तीन वर्षांनी मिळालेला भाव | आज घेतले | विक्रीच्या वेळी घेतले |
|---|---|---|
| ८०० रुपये | १२,६९,०४० | १०,८७,०४० |
| १०० रुपये | ९६० तोटा | १,२३,८४० |
| शून्य | २,००,९६० तोटा | काही गेलं नाही |

पहिल्या ओळीत लवकर घेणाऱ्याचे १,८२,००० रुपये वाचले. दुसरी ओळ मात्र थांबून वाचा. मिळालेला भाव १००, म्हणजे एक्सरसाइज किमतीच्या दहापट, तरी लवकर घेणाऱ्याच्या हातात काही उरलं नाही. त्याने कर ३०० रुपयांच्या भावावर भरला होता आणि तो परत मिळत नाही. ३०० वरून १०० वर आल्याचा चार लाखांचा तोटा भांडवली तोटा आहे, तो पगारातून वजा होत नाही. दीर्घ मुदतीचा असल्याने फक्त दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यातून वजा होतो आणि आठ वर्षं पुढे नेता येतो. ज्याची दुसरी गुंतवणूक म्हणजे पीएफ आणि एफडी, त्याला त्याचा उपयोग नाही. तिसऱ्या ओळीत तर शेअर विकलेच जात नाहीत, त्यामुळे तो तोटा दाखवणंही अवघड.

म्हणून माझं मत असं की निर्णय व्हेस्टिंगच्या तारखेवर घेऊ नये, एक्सरसाइज किंमत आणि आजचा भाव यांतल्या अंतरावर घ्यावा. हाच इंजिनिअर कंपनी लहान असताना लागला असता आणि भाव ३० रुपये असता, तर कर १२,४८० आणि शेअरचे २०,०००, एवढ्यात काम झालं असतं. पुढे ८०० भाव आला तर थांबणाऱ्यापेक्षा २,८०,२८० रुपये कमी कर, आणि कंपनी बुडाली तर ३२,४८० रुपयांचं नुकसान. अशा वेळी मी लवकर घ्या म्हणेन. अंतर २९० रुपयांचं असताना, विक्रीची तारीख दिसत नसताना आणि कर्ज काढून कर भरायची वेळ येत असताना, थांबा म्हणेन.

लिस्टेड कंपनीत हा पेच सौम्य असतो, कारण थोडे शेअर लगेच विकून कराचे पैसे उभे करता येतात. तिथे भाव म्हणजे एक्सरसाइजच्या दिवशीच्या उघडत्या आणि बंद भावाची सरासरी. उरलेले शेअर ठेवायचे का, हा प्रश्न मग तोच शेअर आज बाजारातून स्वतःच्या पैशाने घ्याल का, एवढाच उरतो.

काही स्टार्टअपना पहिला कर पुढे ढकलायची सोय आहे. मात्र केंद्र सरकारच्या डीपीआयआयटी विभागाकडची स्टार्टअप म्हणून नुसती नोंदणी पुरत नाही, कलम ८०-आयएसीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते मोजक्याच कंपन्यांकडे असतं. एचआरला नेमकं याच प्रमाणपत्राबद्दल विचारा. ते असेल तर जून २०२५ मध्ये मिळालेल्या शेअरवरचा कर मार्च २०३१ अखेरपर्यंत लांबतो. त्याआधी शेअर विकले किंवा नोकरी सोडली, तर तेव्हाच द्यावा लागतो. ढकलली जाते ती फक्त भरण्याची तारीख. भाव एक्सरसाइजच्या दिवशीचाच धरतात, त्यामुळे वरच्या तक्त्यातली दुसरी ओळ या सोयीतही टळत नाही.

विकताना एक चूक वारंवार दिसते. भांडवली नफा काढताना खरेदी किंमत म्हणून १० रुपये टाकले जातात. खरी खरेदी किंमत म्हणजे ज्या भावावर पगारातला कर लागला तो भाव, इथे ३००. १० टाकले तर त्याच २९० रुपयांवर दुसऱ्यांदा कर भरला जातो. टीडीएसच्या प्रमाणपत्रासोबत परक्विझिटचा, म्हणजे पगाराखेरीज मिळालेल्या लाभांचा तक्ता येतो. त्यातली ईसॉपची रक्कम शेअरच्या संख्येने भागा, त्यात १० मिळवा आणि तोच आकडा विवरणपत्रात आहे का ते पाहा. कंपनीकडून मूल्यांकनाचं पत्रही एक्सरसाइज करतानाच मागून ठेवा, नोकरी सोडल्यावर ते मिळवणं जिकिरीचं होतं.

थांबायचं ठरवलं असेल, तर राजीनामा देण्याआधी योजनेच्या कागदात एक ओळ शोधा: नोकरी सुटल्यावर एक्सरसाइजला किती दिवस मिळतात. कित्येक योजनांत ही मुदत ९० दिवसांची असते. तेवढ्यात शेअर घेतले नाहीत तर व्हेस्ट झालेले ऑप्शनही जातात, आणि घ्यायचे तर शेअरची किंमत आणि त्या दिवशीच्या भावावरचा सगळा कर रोख भरावा लागतो. आपल्या इंजिनिअरच्या बाबतीत आजच्या भावाने ते २,००,९६० रुपये होतात, तेही नव्या नोकरीचा पहिला पगार व्हायच्या सुमारास.