इन्स्टाचं 'रिमूव्ह फॉलोअर' सात महिने वापरलं, पण एका निळ्या बटणाने वाट लावली

आधीच सांगते, माझं अकाउंट प्रायव्हेट आहे आणि हे सगळं त्याच हिशोबाने वाचा. पब्लिक असेल तर या सोयीचा फारसा उपयोग नाही, काढलेला माणूस लगेच परत फॉलो करू शकतो आणि न करताही सगळं बघू शकतोच.

जूनमध्ये हे पहिल्यांदा वापरलं ते आमच्या चुलत सासूबाईंसाठी, आम्ही त्यांना काकू म्हणतो. स्वभावाने वाईट नाहीत, पण शुक्रवारी मी पिझ्झाची स्टोरी टाकली की रविवारी सासूबाईंचा फोन ठरलेला, "काय गं, स्वयंपाक बंद केलास का?" ब्लॉक करणं शक्यच नव्हतं, घरात महाभारत झालं असतं. शिवाय ब्लॉक केलं की त्यांचे जुने लाइक आणि कमेंट जातात, नंतर अनब्लॉक केलं तरी परत येत नाहीत. काकूंनी माझ्या लेकीच्या प्रत्येक फोटोखाली 'गोड गं बाळ' लिहिलंय, ते मला घालवायचं नव्हतं.

मग प्रोफाइल, फॉलोअर्स, काकूंचं नाव, रिमूव्ह. तिथे स्वच्छ लिहून येतं की आम्ही त्यांना कळवणार नाही. आणि खरंच कळलं नाही. स्टोरी बंद, पोस्ट बंद, सासूबाईंचे फोन बंद. दोन महिने मी या सोयीला पाचपैकी पाच देत होते, जावेला पण शिकवलं.

मग आली श्रावणातली मंगळागौर. खेळ झाले, सगळ्याजणी मसालेभात खायला बसल्या आणि काकूंनी फोन पुढे केला, "अगं, तुझ्या नावावर हे फॉलो बॅक असं निळं बटण आलंय, म्हणजे काय गं?" मी काही बोलायच्या आत नणंदेचा बारा वर्षांचा मुलगा म्हणाला, "आजी, म्हणजे मामी तुम्हाला फॉलो करते पण तुम्ही तिला करत नाही. तिने काढलं असणार तुम्हाला." काकूंनी तिथेच ते बटण दाबलं आणि माझ्या पर्समधला फोन थरथरला, त्यांची रिक्वेस्ट आली होती. आख्ख्या पंगतीसमोर! मी म्हटलं काहीतरी गडबड झाली असेल आणि मुकाट अ‍ॅक्सेप्ट केली.

घरी येऊन ताईच्या फोनवरून ट्राय करून बघितलं तेव्हा कळलं की चूक माझीच. रिमूव्ह केल्याने फक्त त्यांचं मला फॉलो करणं तुटतं, माझं त्यांना फॉलो करणं तसंच राहतं. ताईला काढलं पण मी तिला फॉलो करत होते तर तिच्या फोनवर माझ्या नावावर 'फॉलो बॅक' दिसलं. मग मी तिला अनफॉलो केलं, त्याचंही नोटिफिकेशन कुणाला जात नाही, तर तिथे नुसतं 'फॉलो' उरलं. नुसतं 'फॉलो' बघून माणसाला वाटतं आपण कधी फॉलो केलंच नसेल, पण 'फॉलो बॅक' बघितलं की डोक्यात प्रश्न येतोच ना! तर आधी अनफॉलो करायचं आणि मग रिमूव्ह. फक्त समोरचं अकाउंट प्रायव्हेट असेल तर त्यांचे फोटो तुम्हालाही दिसणार नाहीत, परत बघायचे तर रिक्वेस्ट पाठवा, म्हणजे बोंबाबोंब.

या पद्धतीने नंतर दोघांना काढलं, एक जुन्या ऑफिसातला आणि एक वर्गमैत्रीण जी सारखी साखळी स्कीम विकते. पाच महिने झाले, कुणाचा शब्द नाही. पण मुद्दाम प्रोफाइल उघडलं तर त्यांना 'अकाउंट प्रायव्हेट आहे' दिसणारच, ते टळत नाही. आणि रिक्वेस्ट आलीच तर डिलीट करता येते, तेही त्यांना कळवलं जात नाही, फक्त 'रिक्वेस्टेड' जाऊन परत 'फॉलो' येतं. चिकट माणूस पुन्हा पाठवतो हा भाग वेगळा.

फेसबुकवर ही भानगड नाही, अनफ्रेंड केलं की दोन्हीकडून सुटतं, नोटिफिकेशन नाही. तिथे नातेवाइकांसाठी रिस्ट्रिक्टेड लिस्ट बरी, फ्रेंड राहतात पण तुमच्या पब्लिक पोस्टच दिसतात.

काकूंचं म्हणाल तर त्यांना काढायची गरजच नव्हती, दुखणं स्टोरीचं होतं. आता त्या फॉलोअर आहेत, फक्त 'हाइड स्टोरी'मध्ये त्यांचं नाव टाकलंय. पोस्ट दिसतात, 'गोड गं बाळ' चालू आहे. रिमूव्हला साडेतीन स्टार, दीड त्या निळ्या बटणाने खाल्ले.

परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी वाण देता देता विचारलं, "हल्ली बाहेरचं खात नाही वाटतं तुम्ही?" मी तिळगूळ तोंडात टाकला आणि नुसती मान हलवली.