पोहे होलसेलमध्ये कमी रेटने मागायचं पत्र : काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

माझं छोटं किराणा दुकान आहे आणि आजूबाजूच्या नाश्त्याच्या गाड्यांना पण माल देतो, त्यामुळे जाड पोहे बऱ्यापैकी जातात, महिन्याला ३० किलोचे २० कट्टे, म्हणजे ६०० किलो. होलसेलवाल्या शेठकडून दर आठवड्याला ५ कट्टे यायचे, ४६ रुपये किलो, उधारी २१ दिवसांची. दिवाळीनंतर मी त्यांना एक पत्र दिलं, व्हॉट्सअ‍ॅपवर पण टाकलं आणि प्रिंट काढून मुनीमजींच्या हातात पण दिलं. आता पावसाळा पण संपत आलाय, म्हणून कोरड्या आणि ओल्या दोन्ही सीझनचा हिशोब सांगता येतो.

आधी पत्रच देतो, जसं होतं तसं :

"नमस्कार शेठ. सध्या आपल्याकडून आठवड्याला ५ कट्टे जाड पोहे येतात, महिन्याला २० कट्टे, ४६ च्या भावाने २७,६०० रुपये. यापुढे २० कट्टे एकदम उचलेन आणि पेमेंट माल उतरला की त्याच दिवशी करेन. यात आपला फायदा असा, २७,६०० रुपये २१ दिवस अडकतात ते अडकणार नाहीत, बाजारातल्या २ टक्के महिना व्याजाने ३८६ रुपये. टेम्पोचं भाडं आता कट्ट्यामागे साधारण ४० पडतं म्हणजे महिन्याला ८००, एकाच खेपेत १५ पडेल म्हणजे ३००, वाचले ५००. एकूण ८८६ रुपये, किलोला जवळजवळ दीड रुपया. त्यातला १ रुपया मला द्यावा, बाकी आपल्याकडे राहील. भाव वरखाली होईल तेव्हा त्या दिवसाच्या आपल्या चालू भावातून १ रुपया कमी, असं धरू. माल आताच्याच क्वालिटीचा, कट्टा भरून ३० किलो. कळवावे."

बस एवढंच. आम्ही किती वर्षांचे गिऱ्हाईक, शेजारचा कितीला देतो, यातलं काही नाही. कारण शेठला फोनवर "थोडं कमी करा ना" म्हटलं की ते पण "बघू" म्हणतात आणि विषय तिथेच मरतो. पत्रात आकडे होते म्हणून मुनीमजींनी कॅलक्युलेटर घेऊन बघितले आणि थेट आकड्यावरच बोलणं झालं. त्यांचं म्हणणं असं पडलं की टेम्पो तसाही या लाइनला दुसऱ्या दुकानांचा माल घेऊन येतोच, त्यामुळे ५०० वाचत नाहीत, कमी वाचतात. बरोबरच होतं त्यांचं. शेवटी ९० पैशांवर ठरलं, म्हणजे ४५.१०.

आता जे पत्रात लिहायचं नसतं पण स्वतःच्या वहीत आधी लिहिलंच पाहिजे ते सांगतो, कारण बरेच जण रेट कमी झाला की खूश होतात आणि इथेच फसतात. उधारी सोडली म्हणजे ती आपल्याला फुकट वापरायला मिळणारी रक्कम गेली. माझ्या बँकेच्या सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट खात्याचं व्याज महिन्याला १ टक्का पडतं, तर २७,६०० चे २१ दिवसांचे १९३ रुपये झाले. शिवाय आधी दुकानात सरासरी अडीच कट्टे पडून असायचे, २० एकदम आणले की सरासरी १० पडून राहतात, म्हणजे साडेसात कट्ट्यांचे १०,३५० रुपये जास्त अडकले, त्याचे १०४. दोन्ही मिळून २९७, किलोला ५० पैसे. म्हणजे शेठनी ५० पैसे कमी केले असते तर मी फक्त बरोबरीत आलो असतो! ९० मिळाले म्हणून किलोला ४० पैसे सुटले, महिन्याला २४० रुपये. पोह्यात मला किलोला सरासरी ५ रुपये सुटतात, महिन्याचे ३०००, त्यात हे २४० म्हणजे ८ टक्के वाढ. छोट्या दुकानाला हे कमी नाही, आणि गिऱ्हाइकाचा भाव न वाढवता मिळालेत.

हा झाला कोरड्या सीझनचा हिशोब. पावसाळ्यात पोहे सादळतात, खालच्या थराला वास धरतो, जाळी होते, किडे होतात. खाली लाकडी फळ्या टाकल्या, भिंतीपासून वीतभर लांब ठेवले, तरी महिनाभर पडलेल्या मालात ५ किलो तरी बाजूला काढावेच लागतात. ५ किलो म्हणजे २३० रुपये, किलोला ३८ पैसे. आधीचे ५० आणि हे ३८ मिळून ८८, आणि सूट ९० ची. मग एवढा माल सांभाळायचा कशाला? म्हणून जूनच्या आधीच दुसरं पत्र दिलं, ऑर्डर महिन्याची २० कट्ट्यांचीच पण डिलिव्हरी १० आणि १०, पेमेंट दोन्ही वेळी उतरल्याबरोबर. शेठनी ६० पैसे दिले. माझा व्याजाचा खर्च यात ५० वरून ३८ पैशांवर आला आणि माल पंधरा दिवसांत संपत असल्यामुळे खराब जवळजवळ काही झाला नाही, तर २२ पैसे सुटले, महिन्याला १३२ रुपये. सूट कमी घेऊन जास्त हातात राहिले, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

दुसरी गोष्ट वजनाची. रेट कमी झाल्यावर एका खेपेत काही कट्टे हलके वाटले म्हणून काट्यावर टाकले तर साडेएकोणतीस भरले. अर्धा किलोच ना, असं वाटेल, पण १३५३ रुपयांचा कट्टा साडेएकोणतीस किलोने भागला तर ४५.८६ पडतो, म्हणजे ९० पैशांतले ७६ गेले! पत्रात "भरून ३० किलो" लिहिलेलं होतं म्हणून भांडावं लागलं नाही, फोटो पाठवला आणि शेठनी बिलातून कमी केले. त्यांच्याकडूनच नाही, मिलमधूनच तसे आले असतील. पण तेव्हापासून प्रत्येक खेपेत तीन-चार कट्टे वजन करतो आणि एक कट्टा चाळणीने चाळून भुगा किती निघतो ते बघतो, कारण भुगा गाडीवाले घेत नाहीत.

"चालू भावातून इतके कमी" हे वाक्य पण फार कामाला आलं. मध्ये भाव ४६ वरून ४८ वर गेला, तर मला ४७.१० लागला, वाद काहीच नाही. पत्रात सरळ ४५ लिहिलं असतं तर भाव चढल्यावर शेठ देणार नाहीत आणि उतरल्यावर आपलंच नुकसान. मात्र चालू भाव खरंच चालू आहे का ते बघायला त्याच दिवशी दुसऱ्या एका होलसेलरला फोन करून, छत्तीसगडमधल्या भाटापाऱ्याचा तोच माल कितीला, एवढं विचारून ठेवतो.

शेठनी मधे स्कीम पण दिली होती, ५० कट्ट्यांवर १ मोफत. ऐकायला भारी, पण ५० च्या पैशात ५१ म्हणजे ४६ चा भाव ४५.१० च पडतो, जो मला २० कट्ट्यांतच मिळतोय, आणि माल अडीच महिन्यांचा घरात. नाही म्हणालो.

रव्यासाठी हेच पत्र आकडे बदलून दिलंय, त्यात कीड अजून लवकर लागते म्हणून १० दिवसांच्या वर माल मागितलाच नाही. तेलाच्या डब्यांना मात्र देणार नाही, तिथे भाव रोज हलतो आणि शेठचीच सुटणारी रक्कम इतकी कमी असते की मागायला जागाच उरत नाही.