पन्नाशीनंतरची मुलाखत: वयाची सफाई द्यायची की ताजं काम दाखवायचं?

अकाउंट्समधल्या पन्नाशीच्या माणसाला मुलाखतीत वयाबद्दल विचारतात, पण सरळ कुणीच विचारत नाही. ‘आमची टीम जरा तरुण आहे.’ ‘आमच्याकडे सगळं ऑनलाइन चालतं.’ ‘कामाचा वेग जास्त आहे, चालेल ना?’ उत्तर द्यायला दोन वाटा असतात. पहिली सफाईची: मी अजून तंदुरुस्त आहे, अनुभव मोठा आहे, वयाचा काही प्रश्न नाही. दुसरीत वयाचा विषय तिथेच सोडून गेल्या वर्ष-दीड वर्षात शिकलेली आणि वापरलेली एक गोष्ट समोर ठेवायची. मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालं आहे, त्यामुळे माझा कल दुसरीकडे आहे हे आधीच सांगतो. पण ती सगळीकडे चालत नाही, आणि कुठे चालत नाही हेही ठरवणाऱ्याला कळायला हवं.

उदाहरणासाठी एक उमेदवार धरू. वय ५३, बी.कॉम., भोसरीतल्या सुट्या भागांच्या कारखान्यात बावीस वर्षं अकाउंट्स. कारखाना दुसऱ्या राज्यात हलला, हे इथेच राहिले. आता चाकणमधल्या साधारण चाळीस कोटी उलाढालीच्या कंपनीत सीनियर अकाउंटंटची जागा आहे. समोर ३४ वर्षांचा सीए फायनान्स मॅनेजर आणि एचआरच्या मॅडम. मॅनेजर म्हणतो, “सर, आमच्याकडे जीएसटीचं काम बरंच बदललंय. दर महिन्याला काहीतरी नवीन येतं. जमेल ना?”

एकाच प्रश्नाची दोन उत्तरं

सफाईचं उत्तर असं येतं: “अहो, बावीस वर्षं हेच केलंय. सेल्स टॅक्स पाहिला, व्हॅट पाहिला, एक्साइज पाहिलं, मग जीएसटी आला तेव्हा रात्र-रात्र बसून सगळं बसवलं. शिकायची तयारी पहिल्यापासून आहे. वय म्हणाल तर तब्येत ठणठणीत आहे, सकाळी तासभर चालतो.”

यात खोटं काहीच नाही. तरी मॅनेजरच्या वहीत लिहिण्यासारखं काय आलं? जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ ला. म्हणजे शिकण्याचा सगळ्यात ताजा पुरावाही बराच जुना निघाला. शिवाय त्याने वयाचं नाव काढलं नव्हतं, यांनीच काढलं. आता एचआरच्या मॅडम तब्येतीबद्दल दोन प्रश्न विचारणार आणि मुलाखतीची पाच-सात मिनिटं तिथेच जाणार.

दुसरं उत्तर: “बदललंय खरं. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस आलं, तेव्हापासून आमची खरेदीची जुळणी करायची पद्धतच मी बदलली. आधी २बी हातात आल्यावर एक्सेलमध्ये व्ही-लुकअप लावायचो. आता एक्सेलच्याच पॉवर क्वेरीत बसवलंय. हवं तर दाखवतो, लॅपटॉप आणलाय.”

आता पुढचा प्रश्न कामाचाच येणार. या वाटेचा मुख्य फायदा हाच आहे की पुढचा प्रश्न काय असेल, हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात राहतं.

दाखवायचं म्हणजे नेमकं काय

इथे थोडं खोलात जातो, कारण ‘नवीन शिकलोय’ हे वाक्यही सफाईसारखंच पोकळ निघू शकतं.

आयएमएस म्हणजे पुरवठादारांची बिलं तपासायची जीएसटी पोर्टलवरची सोय. पुरवठादाराने आपलं विक्रीचं बिल पोर्टलवर टाकलं की ते आपल्या आयएमएसमध्ये दिसतं. आपण ते स्वीकारायचं, नाकारायचं किंवा प्रलंबित ठेवायचं. काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं. महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी हे पत्रक तयार होतं आणि इनपुट क्रेडिटचा, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीचा, हिशोब त्यावरून चालतो. म्हणून आपलं खरेदी रजिस्टर आणि पोर्टलवरची बिलं यांची जुळणी करावीच लागते. मालाची गाडी दारात आली नाही आणि बिल मात्र आपोआप स्वीकारलं गेलं, असं होऊ द्यायचं नसतं.

व्ही-लुकअप लावणाऱ्याचं घोडं बिल नंबरवर अडतं. पुरवठादार पोर्टलवर ‘केपी/०४५/२५-२६’ टाकतो, आपल्या ऑफिसातला मुलगा टॅलीत ‘४५’ एवढंच टाकतो. नंबर जुळत नाही आणि बिल बरोबर असूनही ‘गहाळ’ दिसतं. पॉवर क्वेरीत दोन्ही फाइल्स ओढून घ्यायच्या, बिल नंबरमधल्या तिरक्या रेघा, मोकळ्या जागा, सुरुवातीची शून्यं काढायची, मग पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक आणि साफ केलेला बिल नंबर मिळून एक खूण तयार करायची. त्या खुणेवर दोन्ही याद्या जोडल्या की तीन ढीग पडतात: दोन्हीकडे असलेली, फक्त पोर्टलवर असलेली आणि फक्त आपल्या वहीत असलेली बिलं. पहिल्या ढिगात रकमेत रुपया-दोन रुपयांचा फरक सोडून द्यायचा. आणि ‘४५’ विरुद्ध ‘केपी/०४५/२५-२६’सारखी प्रकरणं साफसफाईनंतरही जुळत नाहीत. त्यांच्यासाठी जीएसटी क्रमांक, तारीख आणि करपात्र रक्कम यांवर दुसरी फेरी लावावी लागते. एकदा बसवलं की पुढच्या महिन्यात फाइल बदलून रिफ्रेश करायचं.

मॅनेजर कच्चा नसेल तर विचारेल, “कुठे अडलात?” ज्याने नुसता कोर्स केलाय तो इथे गप्प होतो. ज्याने काम केलंय तो सांगतो: छोटे पुरवठादार तिमाही रिटर्नवाले असतात. त्यांनी मधल्या महिन्यात बिलं वर टाकली नाहीत, तर ती तिमाहीच्या शेवटालाच दिसतात. सुरुवातीला अशी सगळी बिलं ‘पुरवठादाराने भरलं नाही’ या ढिगात पडून उगाच फोनाफोनी व्हायची, म्हणून त्या पुरवठादारांना यादीत वेगळी खूण केली. एवढं बोलणाऱ्याला वय कुणी विचारत बसत नाही, कारण विचारायला दुसरं बरंच काही मिळालेलं असतं.

एक सावधगिरी मात्र घ्याच. जुन्या कंपनीची खरी फाइल मुलाखतीत उघडू नका. पुरवठादारांची नावं आणि दर दिसले की समोरचा मनात म्हणतो, उद्या हा आमचीही फाइल अशीच बाहेर नेणार. चाळीस-पन्नास ओळींचा बनावट डेटा तयार करा आणि त्यात मुद्दाम चार-पाच गडबडी घाला.

सर्टिफिकेट की स्वतः केलेलं काम

वेळ आणि पैसा कुठे घालायचा, हा ठरवण्याचा खरा प्रश्न. सर्टिफिकेटचा उपयोग बायोडेटा गाळणाऱ्यापर्यंत असतो. जाहिरातीत सॅप मागितलं असेल आणि तुमच्याकडे फक्त टॅली असेल, तर कोर्सचं नाव तुम्हाला पहिल्या गाळणीतून पार करू शकतं. मुलाखतीत मात्र त्याचं वजन कमी होतं, कारण सॅपचा कोर्स आणि सॅपवरचा महिनाअखेर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे समोरच्याला ठाऊक असतं. सॅप येत नसेल तर ‘वापरलेलं नाही’ असं सरळ सांगा आणि लगेच येणारी गोष्ट दाखवा.

नोकरी नसताना काम कुठून आणायचं? ओळखीच्या सीएकडे किंवा नात्यातल्या दुकानदाराकडे दोन महिन्यांची जुळणी करून द्या. त्याला पैसे वाचल्याचा आनंद, तुम्हाला खरी बिलं. शनिवार-रविवार धरून दीड-दोन महिने पुरतात. मला विचाराल तर पाच विषयांची तोंडओळख करून घेण्यापेक्षा अशी एकच गोष्ट शेवटपर्यंत नेलेली बरी.

बायोडेटा

जन्मसाल लपवण्यात अर्थ नाही, पीएफचा यूएएन दिला की सगळं दिसतंच. वय सालापेक्षा शब्दांतून जास्त उघडं पडतं. ‘टॅली ईआरपी ९’, ‘सेनव्हॅट’, ‘सी-फॉर्म’ हे वर दिसलं की वाचणारा तिथेच मत बनवतो. टॅलीप्राइम येऊनही बरीच वर्षं झाली. कंपनीचे केंद्रीय विक्रीकराचे जुने वाद अजून चालू असतील, तर मात्र तोच ‘सी-फॉर्म’ सोन्याच्या भावाचा ठरतो. म्हणून तो पूर्ण काढू नका, खाली एका ओळीत ठेवा. वर गेल्या दीड-दोन वर्षांचं लिहा. दहा कोटींच्या वरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस ३० दिवसांत पोर्टलवर टाकणं १ एप्रिल २०२५ पासून बंधनकारक झालं, त्यासाठी तुम्ही बिलिंगमध्ये काय बदललं? २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हा टॅलीतले मास्टर, आधीच्या दराने गेलेली बिलं आणि नंतर आलेल्या क्रेडिट नोटा कशा हाताळल्या? यातलं एक जरी खरं असेल तरी त्याच्या दोन ओळी बावीस वर्षांच्या यादीच्या वर ठेवा.

कौशल्य दाखवून न सुटणारे प्रश्न

समोरच्याच्या मनात शिकण्याखेरीज आणखी तीन शंका असतात: माझ्यासारख्या लहान वयाच्या माणसाचं ऐकेल का, पगार परवडेल का, किती वर्षं टिकेल. पॉवर क्वेरीने यातली एकही पुरती जात नाही.

पहिलीला अप्रत्यक्ष उत्तर चालतं. ती गोष्ट तुम्ही कुणाकडून शिकलात ते सांगा. “आमच्याकडे पंचवीस वर्षांची एक ज्युनियर होती, तिने मला पॉवर क्वेरीचं पहिलं पान दाखवलं” हे वाक्य ‘मला लहान वयाचा साहेब चालतो’ या वचनापेक्षा कितीतरी पटीने पटतं. अर्थात ते खरं असेल तरच. पगाराचं सरळ आकड्यात बोला, आधीच्या पगाराचा इतिहास मांडू नका.

तिसरीला मात्र सरळ, छोटी सफाईच लागते. बऱ्याच खासगी कंपन्यांत निवृत्तीचं वय ५८ किंवा ६० असतं, म्हणून आधी विचारून घ्या. ५८ नंतरही कामावर राहिलात तर पीएफ चालू राहतो, फक्त पेन्शन योजनेत पैसे जाणं थांबतं आणि मालकाचा तो वाटाही पीएफ खात्यात येतो. एचआरला हे माहीत असतं, पण तुम्हालाही माहीत आहे हे दिसलं की विषय दोन वाक्यांत मिटतो: “तुमच्याकडे ५८ असेल तर मला पाच वर्षं आहेत, आणि तेवढी राहण्याचा विचार आहे.” यापुढे एक शब्दही नको.

आणि काही ठिकाणी दोन्ही वाटा फुकट जातात. दहा मिनिटं झाली तरी कामाचा एकही प्रश्न आला नाही आणि मॅनेजर सारखा घड्याळाकडे किंवा मोबाइलकडे बघतोय, तर बहुधा ठरलेलं असतं. तेव्हा आपणच विचारावं, “या जागेवरच्या माणसाने पहिल्या तीन महिन्यांत कोणती गोष्ट मार्गी लावायला हवी?” नेमकं उत्तर आलं तर लॅपटॉप उघडा. ‘सगळंच बघायचं असतं’ असं मोघम आलं, तर चहा संपवून पुढच्या कंपनीची वेळ बघावी.