सात महिने QGIS वापरल्यावर: बीडला कुठला रंग द्यायचा?

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या भूगोल कक्षात भिंतीवर लावायला साक्षरतेचा क्षेत्रघनी नकाशा हवा होता. नाशिकला कॅनडा कॉर्नरच्या बाजूला छापून घेऊ, दोन दिवसांचं काम, असं मी जूनमध्ये सगळ्यांना सांगून बसले. आता जानेवारी आहे आणि नकाशाची तिसरी आवृत्ती भिंतीवर आहे. आधीच्या दोन कपाटामागे गुंडाळून ठेवल्यात. QGIS हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मराठी नावं नीट दाखवतं, माझ्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. लिहायचंय ते त्यातल्या एका खिडकीबद्दल: Symbology मध्ये Graduated निवडलं की खाली Mode आणि Classes येतं, तिथे पाच वर्ग कुठे तोडायचे हे ठरतं. नकाशा खरं बोलणार की खोटं, हे त्या चार रेषांवर अवलंबून असतं, आणि ते मला एका सहकाऱ्यानं समजावलं.

आकडे २०११ च्या जनगणनेचे. साक्षरता दर सात वर्षं आणि त्यावरील लोकसंख्येवर काढतात, एकूण लोकसंख्येवर नाही. ही चूक विद्यार्थी हमखास करतात, आणि मग सगळ्याच जिल्ह्यांचे आकडे खाली घसरतात. जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यातल्या रकान्यांवरून, म्हणजे साक्षर, एकूण लोकसंख्या आणि सहा वर्षांपर्यंतची मुलं यांवरून, सूत्र असं बसतं:

```
100.0 * "P_LIT" / ("TOT_P" - "P_06")
```

तक्ता नकाशाला जोडताना जिल्ह्याच्या नावावर जोडू नका. जनगणनेत बीड Bid आहे, रायगड Raigarh आहे आणि आपल्या फाइलमध्ये तिसरंच काहीतरी असतं. कोडवर जोडा, नाशिकचा ५१६. यात माझी एक संध्याकाळ गेली.

तर पहिला नकाशा. माझ्याकडे Mode मध्ये Equal Count (Quantile) आधीच निवडलेलं होतं आणि वर्ग पाच. Classify दाबलं, फिकट पिवळ्यापासून गडद निळ्यापर्यंत छान रंग पसरले. पस्तीस जिल्हे, पाच वर्ग, प्रत्येकात बरोबर सात. समतोल दिसला म्हणून मी खूश. सूचीतले आकडे मी पूर्णांकावर आणले: ६४ ते ७७, ७७ ते ८०, ८० ते ८३, ८३ ते ८६, ८६ ते ९०. छापून आणला, चिकटवला.

दुसऱ्या दिवशी गणिताचे सर आले. ते मूळचे बीडचे, सासुरवाडी सोलापूरची. नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले.

"मॅडम, आमचं बीड नंदुरबारच्या रंगात?"

मी म्हटलं, सर, आकडेच तसे आहेत.

"किती आहे बीड?"

७६.९९.

"आणि सोलापूर?"

७७.०२.

सरांनी बोटांवर वजाबाकी केली नाही, नुसते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ०.०३ टक्क्याच्या फरकानं आमची बायको गडद रंगात आणि आम्ही फिकट."

मी त्याच रात्री सगळे आकडे चढत्या क्रमानं लिहून काढले, आणि हे आधीच करायला हवं होतं. सगळ्यात खाली नंदुरबार ६४.३८. त्यानंतर एकदम जालना ७१.५२, म्हणजे मध्ये सात टक्क्यांची मोकळी जागा. मग धुळे, परभणी, गडचिरोली, नांदेड (७५.४५). इथे पुन्हा दीड टक्क्याची फट, आणि मग बीड, सोलापूर, लातूर एकमेकांना चिकटून. क्वांटाइल पद्धत या फटींकडे बघतच नाही. ती फक्त मोजते: सात झाले, इथे तोडा. सातवा बीड आणि आठवा सोलापूर, म्हणून रेषा ७७.०१ वर, दोघांच्या मध्ये. त्यामुळे बीड आणि नंदुरबार, ज्यांच्यात साडेबारा टक्क्यांहून जास्त अंतर आहे, ते एका रंगात. आणि ज्यांच्यात काहीच अंतर नाही ते दोन रंगांत. वर मी आकडे पूर्णांकावर आणल्यानं सूचीत दोन्ही वर्गांच्या सीमेवर "७७" लिहिलेलं, म्हणजे वाचणाऱ्याला पडताळायचीही सोय नाही.

क्वांटाइलची दुसरी खोड मुलांना शिकवताना लक्षात आली. २००१ आणि २०११ असे दोन नकाशे शेजारी लावले आणि दोन्हींना आपापले क्वांटाइल दिले, तर दोन्ही वेळा सातच जिल्हे सर्वांत फिकट राहणार. राज्याची साक्षरता ७६.८८ वरून ८२.३४ वर गेली तरी नकाशा म्हणणार, काही बदललं नाही. तुलना करायची असेल तर दोन्ही नकाशांना सीमा एकच हव्यात.

मग Equal Interval. ६४.३८ ते ८९.९१ या पट्ट्याचे पाच समान तुकडे, प्रत्येक ५.१ टक्क्यांचा. नंदुरबार एकटा वेगळा झाला, बीड आणि सोलापूर एकत्र आले, सर शांत झाले. प्रामाणिकपणे सांगायचं तर या आकड्यांसाठी हा वाईट नव्हता. अडचण एवढीच की सीमा ६९.४९, ७४.५९, ७९.७०, ८४.८० अशा येतात आणि त्यातली शेवटची ठाणे (८४.५३) आणि गोंदिया (८४.९५) यांच्यातून जाते. गोंदिया नागपूरच्या रंगात, ठाणे चंद्रपूरच्या रंगात. चंद्रपूर ८०.०१ आहे.

Natural Breaks (Jenks) वर माझी सगळी भिस्त होती, कारण पुस्तकात त्याचीच स्तुती असते. वर्गाच्या आतला फरक कमीत कमी ठेवायचा, ही त्याची कल्पना, आणि गट खरंच चांगले पडले: नंदुरबार एकटा, जालना ते नांदेड, बीड ते चंद्रपूर, सांगली ते गोंदिया, आणि सिंधुदुर्गपासून वर. पण सूची पाहून डोक्याला हात लावला. पहिला वर्ग ६४.३८ ते ६४.३८. दुसरा ६४.३८ ते ७५.४५, म्हणजे त्यात नंदुरबार आहे की नाही? QGIS मध्ये सीमेवरचा आकडा दोन्ही वर्गांत बसतो आणि जो वर्ग यादीत आधी, त्याचा रंग मिळतो. हे कुठेही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नाही. अकरावीच्या मुलानं असली सूची वाचावी अशी अपेक्षा मी करू शकत नाही.

शेवटी जे जमलं ते असं. Histogram या टॅबवर जाऊन Load Values दाबा. आकड्यांचे खांब दिसतात, त्यांवर सीमांच्या उभ्या रेषा. मी जेंक्सचे गट पायाला घेतले आणि रेषा जवळच्या फटीत, पूर्णांकावर नेऊन ठेवल्या: ७०, ७६, ८१, ८६. रेषा ओढताही येतात, पण नेमका आकडा हवा तर वर्गावर दुहेरी क्लिक करून टाइप करा आणि Link class boundaries वर खूण ठेवा, म्हणजे शेजारच्या वर्गाची सीमा आपोआप सरकते. ही खूण नसताना मी एकदा दोन वर्गांमध्ये फट ठेवली आणि त्या फटीतला जिल्हा नकाशावरून चक्क गायब झाला. कुठल्याच वर्गात न बसणारा जिल्हा QGIS रंगवतच नाही आणि सांगतही नाही. ही माझी या सॉफ्टवेअरबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार. "एक जिल्हा उरला" एवढी पाटी दाखवायला काय जातं?

नव्या सीमांनी वर्गांत १, ५, ९, १३ आणि ७ जिल्हे पडतात. ७६ आणि ८१ दोन्ही दीड-दीड टक्क्यांच्या फटींत आहेत, तिथे कुणावर अन्याय नाही. ८६ बद्दल मात्र माझं मन अजून खात नाही असं नाही. वरच्या टोकाला जिल्हे इतके एकामागोमाग आहेत की मोठी फटच नाही. ८५ घेतलं तर गोंदिया ०.०५ नं हुकतं, ८६ घेतलं तर पुणे (८६.१५) जेमतेम आत आणि सिंधुदुर्ग (८५.५६) बाहेर. मी ८६ घेतलं. सिंधुदुर्गचं कुणी आमच्या कक्षात आलं तर उत्तर तयार ठेवलंय.

नाशिकचा प्रश्न उरला होताच. प्राचार्यांना हवा होता दोन रंगांचा नकाशा: राज्याच्या सरासरीवर हिरवा, खाली लाल. राज्य ८२.३४, नाशिक ८२.३१. आपलाच जिल्हा आपल्याच भिंतीवर लाल, आणि तोही त्याच ०.०३ साठी. जिल्ह्यातले सात वर्षांवरचे पन्नासेक लाख लोक धरले तर हा फरक दीड-एक हजार माणसांचा. एवढी तर सिडकोतल्या दोन-चार मोठ्या सोसायट्यांत राहतात. मी प्राचार्यांना सांगितलं, सरासरी सूचीत बारीक रेघेनं दाखवू, रंग तिच्यावर तोडायला नकोत. ते लगेच पटलं, कारण नाशिक लाल होत होतं. फक्त नंदुरबारच लाल होत असता तर इतक्या पटकन पटलं नसतं, हे मला माहीत आहे. बरं, एका आकड्याच्या आड सुरगाणा, पेठ आणि नाशिक शहर तिन्ही लपलेत, तेव्हा जिल्ह्याचा रंग हा तालुक्याचा रंग नव्हे, ही ओळ मी शीर्षकाखाली घातली.

पालघरनं दुसऱ्या आवृत्तीचा बळी घेतला. जिल्हा २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, पण आकडे २०११ चे आणि मी घेतलेल्या सीमाफाइलमध्ये छत्तीस जिल्हे. पालघरला आकडा नाही, म्हणून पांढरा. छापल्यावर पांढरा आणि फिकट पिवळा यांत फरक दिसेना, आणि एका मुलीनं वहीत लिहिलं, पालघर सर्वांत मागे. Merge Selected Features नं पालघर ठाण्यात परत मिसळला, गुणधर्म ठाण्याचे ठेवले, आणि खाली टीप दिली: सीमा व नावं २०११ ची. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावं त्यामुळेच तशी आहेत. तेवढ्यासाठी दोनदा वाद झालाय.

छपाईबद्दल एकच. फ्लेक्सवर फिकट छटा एकमेकींत मिसळतात. आधी A4 वर त्याच दुकानात एक प्रत काढून पाहा. पाचापेक्षा जास्त वर्ग माझ्या तरी डोळ्यांना ओळखता आले नाहीत.

गणिताच्या सरांनी तिसरी आवृत्ती पाहिली. बीड आणि सोलापूर एकाच रंगात. "घरी फोटो पाठवतो," म्हणाले, आणि लगेच सिंधुदुर्गवर बोट ठेवून, "हा मात्र थोडक्यात हुकलाय, मॅडम."