पंपाचं हाउसिंग आणि पीडीएफच्या पोटातल्या नऊ फायली: सात महिन्यांचा अनुभव

आमचं मशीन शॉप शिरोली एमआयडीसीत आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून पुण्याच्या पार्टीला पाठवतो. मालाबरोबर रिपोर्ट जातो आणि सगळं दुखणं त्या रिपोर्टचं. दोन पानी पीडीएफ, मापांची एक्सेल, सहा फोटो, ड्रॉइंगची डीएक्सएफ आणि मॉडेलची स्टेप फाइल. मेलला दहा जोडण्या. तिकडं त्यातल्या दोन कुणीतरी सेव्ह करायचं, बाकी राहायच्या, आणि तीन आठवड्यांनी फोन यायचा, "लॉट ४७ ची एक्सेल कुठली? आमच्याकडं दोन आहेत." एकदा तर रिव्हिजन ३ च्या मालाला रिव्हिजन २ चं ड्रॉइंग लावून बसले होते.

म्हणून सात महिन्यांपूर्वी सगळ्या फायली त्या दोन पानी रिपोर्टच्याच पोटात घालायला लागलो. आता पार्टीकडं जाते ती एकच पीडीएफ, तिलाच आम्ही पाकीट म्हणतो.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण आमचा पहिला महिना तिच्यातच गेला. पीडीएफमध्ये फायली घालायचे दोन प्रकार आहेत. एक पोर्टफोलिओ: उघडलं की फायलींची यादी किंवा चौकटी दिसतात, रिपोर्टही त्यातलीच एक फाइल. दुसरा साधा: रिपोर्ट नेहमीसारखा पानांनी उघडतो आणि बाकीच्या फायली कागदाच्या पिनेच्या चिन्हामागं बसतात. पोर्टफोलिओ दिसायला देखणा, पण ज्या व्ह्यूअरला तो कळत नाही तिथं फक्त एक कव्हर पान दिसतं आणि त्यावर 'दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा' असा मजकूर. आमच्या पार्टीच्या स्टोअरमध्ये नेमकं तेच झालं. त्या दिवसापासून साधा प्रकार. काही नाही दिसलं तरी निदान रिपोर्टची दोन पानं तरी दिसतात.

फायली जोडायला मी qpdf वापरतो. फुकट आहे, कमांडवर चालतं, आणि एकदा बॅच फाइल करून ठेवली की पोरंही चालवतात:

```
qpdf report.pdf --add-attachment L47_readings.xlsx -- --add-attachment housing_R3.step -- L47_packet.pdf
```

प्रत्येक फाइलमागं ते `--` लागतंच, पहिल्या आठवड्यात तेच विसरायचो. त्याच नावाची फाइल आत आधीच असेल तर ते चुपचाप वर लिहीत नाही, एरर देऊन थांबतं. बदलायचीच असेल तर `--replace` लिहावं लागतं. सुरुवातीला वैताग यायचा. पण रिव्हिजनचा घोळ ज्यानं झेललाय त्याला ही अडवणूक बरीच वाटेल.

साइजचा हिशेब वेगळाच निघाला. लॉट ४७ च्या सगळ्या फायली मिळून साधारण १४ एमबी, त्यात फोटोच ९ एमबी. पाकीट झालं साडेदहाचं. फोटो आणि एक्सेल आधीच दाबलेले असतात, ते काही कमी होत नाहीत. स्टेप आणि डीएक्सएफ म्हणजे निव्वळ मजकूर, त्या चांगल्याच आवळल्या जातात. म्हणून फोटो कमी केले तरच पाकीट हलकं होतं. आता कॅमेऱ्याचे फोटो लांब बाजूला १६०० पिक्सेलवर आणून घालतो. ब्लोहोल दिसायला तेवढं पुरतं.

पोटात घालण्याआधी एक्सेल मात्र नीट बघायची. आमच्या शीटमध्ये टॉलरन्सचे आकडे सर्व्हरवरच्या मास्टर फाइलमधून लिंकनं येत होते. इथं सगळं ठीक. पार्टीनं उघडली, 'लिंक अपडेट करू का' विचारलं, त्यांनी हो म्हटलं, आणि टॉलरन्सच्या रकान्यात `#REF!`. मास्टर त्यांच्याकडं कुठून असणार! तेव्हापासून पाठवायची प्रत वेगळी करतो, लिंका तोडून, फक्त आकडे ठेवून.

तसंच झिप. वाटलं, स्टेपची झिप करून टाकू. qpdf नं विनातक्रार आत घेतली, पण तिकडच्या रीडरनं सुरक्षेच्या कारणानं उघडू दिली नाही. झिप, `.exe`, `.bat` असल्या फायली त्याच्या बंदीच्या यादीत असतात. स्टेप आहे तशीच घाला, दाबायचं काम पीडीएफ करतंच.

आता खरा दणका. फेब्रुवारीत पार्टीच्या क्वालिटीवाल्याचा फोन: "सर, पाकिटात काहीच नाही. दोनच पानं." माझ्याकडं त्याच फाइलमध्ये नऊच्या नऊ दिसत होत्या. त्यांच्याकडची फाइल परत मागवली. नाव तेच, पानं दोनच, पण साइज १८० केबी. साडेदहा एमबीचं पाकीट १८० केबीचं झालं म्हणजे पोट रिकामं झालं, हे बघताक्षणीच कळलं. झालं असं होतं, की त्यांच्या एका माणसानं मेलला जड होते म्हणून ती पीडीएफ उघडली आणि प्रिंटमधून 'पीडीएफ म्हणून सेव्ह' केली. प्रिंट म्हणजे फक्त पानं. पोटातलं प्रिंटरकडं जातच नाही. इंटरनेटवर फुकट साइज कमी करून देणारे असतात, त्यांच्यातल्या एकातही मी करून बघितलं, तिथंही फायली गेल्या. आणि कुठंच इशारा नाही, हे जास्त वाईट.

त्यावर दोन उपाय केले. पहिला, रिपोर्टच्या पहिल्याच पानावर छापील चौकट: 'या पीडीएफच्या पोटात ९ फायली आहेत', खाली प्रत्येकीचं नाव आणि साइज. कुणी प्रिंट काढली तरी काय हरवलं ते कागदावरच दिसतं. दुसरा, पाठवण्याआधी आपणच पाकीट फोडून बघायचं:

```
qpdf --list-attachments L47_packet.pdf
qpdf --show-attachment=L47_readings.xlsx L47_packet.pdf > test.xlsx
```

ही दुसरी ओळ साध्या कमांड प्रॉम्प्टमध्येच चालवा. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेलमध्ये `>` नं लिहिलेली एक्सेल बिघडते. माझी अर्धी दुपार त्यात गेली. पाकीट खराब समजून मी ते तीनदा नव्यानं बांधलं, आणि दोष होता फोडण्याच्या पद्धतीत.

डिजिटल सही लागत असेल तर ती अगदी शेवटी. आधी सही आणि मागून फाइल घातली, तर qpdf सगळी पीडीएफच नव्यानं लिहितं आणि सही अवैध ठरते.

फायली काढून बघणाऱ्यांना अजून एक सांगावं लागतं. रीडरमधून एक्सेलवर डबल क्लिक केलं की तात्पुरती प्रत उघडते. तिच्यात शेरा लिहून सेव्ह केलं तरी तो पाकिटात परत येत नाही. आमच्याच इन्स्पेक्टरनं अकरा रीडिंग्जवर शेरे लिहिले आणि दुसऱ्या दिवशी विचारतोय, "साहेब, माझं लिहिलेलं कुठं गेलं ओ?" आधी बाहेर सेव्ह करायची, मग लिहायचं, मग पाकीट नव्यानं बांधायचं.

सात महिन्यांत 'एक्सेल कुठली' हा फोन एकदाही आला नाही. फोनवरचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. आमच्याकडच्या तिन्ही फोनांवर पिनेचं चिन्हच दिसत नाही, दोन पानं दिसतात आणि संपलं. पार्टीचे मोठे साहेब तर सगळं गाडीत बसून फोनवरच बघतात. म्हणून बोअरचा व्यास, फेसची सपाटी अशी सहा महत्त्वाची मापं अजूनही पहिल्या पानावर हातानं टाईप करतो, एक्सेलशी ताडून.